डाउनलोड २०००, पण कामं येत नाहीत: गिऱ्हाईक वाढूनही ॲप उपयोगी का होत नाही?

प्रश्न: आमच्या तालुक्यात वायरमन, प्लंबर घरी बोलवायचं ॲप काढलंय. ४० गावांत मिळून २००० डाउनलोड झाले, ६० कारागीर नोंदवले, त्यात १८ वायरमन. तरी कामं येत नाहीत. यूपीआय तर माणसं वाढली तसं वाढतच गेलं. मग आमचं का नाही?

उत्तर: एकूण माणसं किती जोडली गेली, याने फारसं काही ठरत नाही. मला आत्ता जो माणूस हवाय तो इथे भेटण्याची शक्यता किती, याने ठरतं. यूपीआयची गोष्टही या शक्यतेचीच आहे, म्हणून आधी ती बघू.

समजा एक माणूस सकाळी पाच ठिकाणी पैसे देतो: दूध, भाजी, रिक्षा, चहा, औषधं. गावातली निम्मी दुकानं मोबाइलवर पैसे घेतात. पाचही ठिकाणी मोबाइल चालण्याची शक्यता अर्ध्याचा पाच वेळा गुणाकार, म्हणजे जेमतेम ३ टक्के. त्याला पाकीट घेऊनच निघावं लागतं, आणि पाकीट खिशात असलं की रोख द्यायचीच सवय राहते. आता १०० पैकी ९० दुकानं घेऊ लागली, तर तीच शक्यता ५९ टक्क्यांवर जाते. दुकानं दुप्पटही झाली नाहीत, पण पाकीट घरी ठेवता येण्याचे दिवस जवळजवळ १९ पटींनी वाढले. म्हणून पेमेंटचं जाळं बराच काळ निरुपयोगी वाटतं आणि मग एकदम सगळीकडे दिसायला लागतं.

२०१६ च्या आधीची वॉलेट इथेच अडकायची. एका कंपनीच्या वॉलेटमधले पैसे दुसरीच्या वॉलेटमध्ये जात नसत, त्यामुळे प्रत्येक कंपनीला ती ९० दुकानं स्वतंत्रपणे गाठावी लागत. एप्रिल २०१६ मध्ये २१ बँका घेऊन यूपीआय सुरू झालं ते उलट्या रचनेवर: ॲप कुणाचंही, बँक कुठलीही, पैसे थेट खात्यातून खात्यात. दुकानदाराने गल्ल्यावर एक क्यूआर चिकटवला की सगळ्या ॲपची गिऱ्हाइकं त्याची झाली. कुठल्याही एका कंपनीने जोडलेलं दुकान सगळ्यांच्याच कामी येऊ लागलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याच्या व्यवहारांची संख्या १०० कोटींपलीकडे गेली, ऑगस्ट २०२३ मध्ये १००० कोटींपलीकडे. मधल्या काळात, जानेवारी २०२० पासून, दुकानदाराला द्यावं लागणारं शुल्क शून्य झालं. त्याचाही वाटा मोठा, कारण टपरीवाल्याला नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

आता तुमचं ॲप. यूपीआयने पाठवलेले पैसे नागपूरहून रत्नागिरीला क्षणात पोचतात, तिथे अंतराला काही किंमत नाही. वायरमन मात्र पंख्याचा कपॅसिटर बदलायला २० किलोमीटर येणार नाही. त्यामुळे तुमच्याकडे २००० घरांचं एक जाळं नाही, सरासरी ५० घरांची ४० वेगवेगळी जाळी आहेत. एका घराला वर्षात दोनदा वायरमन लागतो असं धरा. ५० घरांची वर्षाला १०० कामं. ओळखीच्या माणसाला फोन करायची सवय मोडून त्यातली चौथाई ॲपवर आली, तर २५. म्हणजे एका गावात महिन्याला दोन कामं, आणि ४० गावांत १८ वायरमन म्हटल्यावर निम्म्याहून जास्त गावांत तर वायरमनच नाही. महिन्यात दोनदा वाजणाऱ्या ॲपकडे वायरमन लक्ष देत नाही, तो नोटिफिकेशन बंद करतो. गिऱ्हाईक एकदा मागणी टाकतं, अर्धा तास कुणी उत्तर देत नाही, आणि ते ॲप काढून टाकतं. तुम्ही जाहिरात करून नवी घरं जोडता, पण ती याच अनुभवातून बाहेर पडतात. हे जाळं उलट्या दिशेने फिरतंय.

म्हणून क्षेत्र आवळा. प्लंबर, सुतार, रंगारी सध्या बाजूला ठेवा, फक्त वायरमन घ्या, आणि तालुक्याच्या गावातला स्कूटरवर दहा मिनिटांत कुठेही पोचता येईल एवढाच भाग घ्या. त्या भागात ६०० घरं जोडलीत तर वरच्याच हिशेबाने वर्षाला १२०० कामं, महिन्याला १००, त्यातली २५ ॲपवर. इथे तीनच वायरमन ठेवा. प्रत्येकाला महिन्याला आठेक कामं मिळतात, तेवढ्यासाठी तो फोन उचलतो.

तीनमध्ये अडचण अशी की कुणीच मोकळं नसण्याची वेळ येते. प्रत्येक जण निम्मा वेळ दुसऱ्या कामात असेल, तर तिघेही एकदम अडकलेले असण्याची शक्यता आठात एक. महिन्याच्या २५ पैकी तीन गिऱ्हाइकं परत जाणार. आता घरं १२०० झाली आणि वायरमन सहा केले, तर वायरमनचं काम तेवढंच राहतं, आठच. पण सहाही अडकलेले असण्याची शक्यता ६४ मध्ये एक होते. म्हणजे ५० मागण्यांत एखादीच परत जाते. दर बदलला नाही, कारागिराची कमाई घटली नाही, फक्त दोन्ही बाजू एकदम दुप्पट झाल्या आणि गिऱ्हाइकाला सेवा चांगली मिळू लागली. नेटवर्क इफेक्ट म्हणतात तो हाच.

त्याला मर्यादाही आहे. सहाचे बारा केलेत तर शक्यता ४०९६ मध्ये एक होते, पण हा फरक गिऱ्हाइकाला जाणवणारच नाही. तिथून पुढे त्याच भागात माणसं वाढवण्यापेक्षा शेजारचा भाग उघडणं शहाणपणाचं. आणि हा हिशेब प्रत्येक जण आपापल्या वेळी अडकतो असं धरून केलाय. पहिला वळवाचा पाऊस झाला की सगळ्यांच्या घरचं एमसीबी एकाच संध्याकाळी पडतं आणि सगळे वायरमन एकदम अडकतात. त्या दिवसांसाठी शेजारच्या गावातले दोघे आधीच बोलून ठेवा.

तुमच्या धंद्यात एक गळतीही असते. पहिलं काम नीट झालं की गिऱ्हाईक वायरमनचा नंबर सेव्ह करतं आणि पुढच्या वेळी थेट फोन लावतं. रिक्षाच्या ॲपला ही भीती कमी, कारण दर वेळी जवळ असेल तो रिक्षावाला हवा असतो, ओळखीचा नव्हे. तुम्ही प्रत्येक कामावर कमिशन घेत असाल तर वायरमनच गिऱ्हाइकाला सांगेल, ‘ताई, पुढच्या वेळी मलाच लावा फोन.’ त्यापेक्षा ठरलेली मासिक वर्गणी घ्या, आणि तीही त्याला महिन्याला पाच कामं मिळायला लागल्यावरच. मग तो नंबर देतो की नाही याने तुमचं बिघडत नाही. गिऱ्हाइकानेही ॲपवर यावं म्हणून केलेल्या कामाची ३० दिवसांची हमी द्या, पण ॲपवरून बोलावलं असेल तरच.

डाउनलोडचा आकडा बघणं सोडा. त्याऐवजी प्रत्येक भागासाठी दर आठवड्याला एकच गोष्ट मोजा: शंभर मागण्यांपैकी कितींना १५ मिनिटांत कुणीतरी होकार दिला. ८० च्या खाली असेल तर वायरमन कमी आहेत किंवा भाग फार मोठा घेतलाय. ८० च्या वर असेल पण वायरमनला महिन्याला पाच कामंही नसतील, तर आधी घरं जोडा. दोन्ही जमलं की मग प्लंबर आणा. ती ६०० घरं आधीच जोडलेली असतील, तेव्हा प्लंबरच्या वेळी एकच बाजू उभी करावी लागेल.