रंग इलेक्ट्रॉन परत येताना दिसत नाही

"मॅडम, क्रिस्टल फील्डची आकृती मी बरोबर काढतो. t2g, eg, डेल्टा, सगळं लिहितो. तरी 'संक्रमण धातूंची संकुलं रंगीत का असतात' ह्या प्रश्नाला आठातले तीनच मार्क पडले. माझं चुकतंय कुठं?"
— बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

ती उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊनच आली होती. पहिलं पान चोख होतं. सहा लिगँड अक्षांवरून जवळ येतात, अक्षांकडे तोंड असलेली दोन ऑर्बिटल वर जातात, अक्षांच्या मधली तीन खाली राहतात. आणि मग हे वाक्य: "इलेक्ट्रॉन ऊर्जा शोषून eg मध्ये जातो व t2g मध्ये परत येताना रंगीत प्रकाश बाहेर टाकतो." त्याखाली लाल रेघ होती. पुढचं सगळं स्पष्टीकरण याच वाक्यावर उभं होतं, त्यामुळे तेही गेलं.

हे वाक्य मला दरवर्षी भेटतं, आणि ते येतं कुठून तेही ठाऊक आहे: ज्योत परीक्षेतून. सोडियमची ज्योत पिवळी दिसते, तिथे इलेक्ट्रॉन खाली येताना खरोखरच प्रकाश देतो. तीच गोष्ट मुलं संकुलांना लावतात.

ती शिरोळकडची. वडील टोमॅटोवर बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद घरातलंच. मोरचुदाचं द्रावण परीक्षानळीत भरून मी तिच्या हातात दिलं आणि अंधाऱ्या खोलीत पाठवलं. "कायच दिसत नाही," म्हणत ती परतली. द्रावण स्वतः निळा प्रकाश देत असतं, तर अंधारातच ते उठून दिसायला हवं होतं. मग नळी खिडकीच्या उजेडात धरली. पांढरा प्रकाश आत जातो, त्यातला तांबडा भाग द्रावण ठेवून घेतं आणि उरलेला निळा आपल्या डोळ्यांत येतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन खाली येतोच, पण त्याची ऊर्जा आजूबाजूच्या रेणूंच्या हालचालीत, म्हणजे उष्णतेत जिरते.

मग आकडा घालून एक उदाहरण सोडवलं. त्यासाठी [Ti(H2O)6]3+ सारखं दुसरं नाही, कारण टायटॅनियमकडे इथे एकच डी इलेक्ट्रॉन आहे. त्याचं शोषण २०,३०० प्रति सेंटीमीटरला सर्वाधिक असतं. १ कोटीला २०,३०० ने भागलं की तरंगलांबी येते, ४९३ नॅनोमीटर, म्हणजे निळसर हिरवा. मोलमागे ही ऊर्जा सुमारे २४३ किलोज्यूल होते. तिने रंगचक्र काढलं आणि अडखळली: निळसर हिरव्यासमोर तांबडा येतो, द्रावण तर जांभळं!

चक्र इथे अपुरं पडतं. धातू आणि पाणी यांच्यातले बंध सतत कंप पावतात, त्यामुळे डेल्टा एका ठरावीक किमतीवर थांबत नाही आणि शोषणाचा पट्टा रुंद होतो. मधला हिरवा भाग बराचसा गिळला जातो, दोन्ही टोकांचे तांबडा आणि जांभळा उरतात, आणि त्यांच्या मिश्रणाने द्रावण जांभळं दिसतं. उत्तरात एवढं लिहिणारा विद्यार्थी विरळाच, पण समजल्याची खूण हीच.

शेवटी मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातला. आधी फिकट निळा साका, आणखी घातल्यावर गडद निळं द्रावण. तिचं उत्तर होतं, "डेल्टा वाढला म्हणून रंग गडद झाला." यात मधली पायरीच गाळली आहे. पाण्याच्या संकुलाचं शोषण ८०० नॅनोमीटरच्या आसपास, तांबड्याच्याही पलीकडे आहे. त्याची शेपूट तेवढी दृश्य प्रकाशात येते, म्हणून रंग फिका. चार पाण्यांच्या जागी अमोनिया बसला की दरी वाढते, पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकून ६०० च्या जवळ, नारिंगी भागात येतो आणि शोषणही जास्त जोरात होतं. एक पथ्य मात्र पाळावं. तांब्याचं अष्टफलक एका अक्षावर ताणलेलं असतं, तिथे डेल्टाची एकच किंमत लिहू नये. आकडा टायटॅनियमवर सोडवावा, तांब्यावर फक्त पट्टा कुठे सरकतो ते दाखवावं.

तिच्या उत्तरात शेवटचं उदाहरण KMnO4 चं होतं. मी विचारलं, मँगनीज +७ वर असताना त्याच्याकडे डी इलेक्ट्रॉन किती? तिने मोजले. शून्य. मग उडी कोण मारणार? तो गडद जांभळा रंग ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे जाण्यामुळे येतो, त्याला चार्ज ट्रान्सफर म्हणतात, आणि क्रिस्टल फील्डच्या उत्तरात तो उदाहरण म्हणून चालत नाही. तिने ती ओळ खोडली आणि तिथे Zn2+ लिहिला: डी ऑर्बिटलांत दहा इलेक्ट्रॉन, वरच्या मजल्यावर जागा नाही, म्हणून द्रावण रंगहीन.