एकशेचाळीस पानांची यादी आणि हाताशी असलेले सहा तास

प्रश्न : माझे पदवीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. आता एम.ए.ला दर आठवड्याला चार-पाच इंग्रजी लेख वाचायला सांगतात. मी पहिल्या लेखाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करते आणि वर्गाच्या दिवशी जेमतेम दुसऱ्या लेखापर्यंत पोहोचलेली असते. वेग कसा वाढवावा?

वेगाचा विचार आधी बाजूला ठेवून हिशेब मांडावा. घड्याळ लावून दाट मजकुराची पाच पाने समजून वाचायला किती वेळ लागतो, ते पाहावे. समजा, अर्धा तास लागला, तर १४० पानांना चौदा तास लागतील. तुमच्याकडे त्या विषयासाठी सहाच तास असतील, तर सावकाश वाचून होणारी पाने साठ. उरलेल्या ऐंशी पानांचे काय करायचे, हे सोमवारी ठरवले नाही, तर ते रविवारी रात्री आपोआप ठरते आणि यादीत शेवटी असलेला लेख कितीही महत्त्वाचा असला तरी तोच बळी पडतो.

एक उदाहरण घेऊ. आठवड्याचा विषय ‘सामायिक संसाधनांचे व्यवस्थापन’ आहे. यादीत गॅरेट हार्डिन यांचा १९६८चा ‘ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’ हा लेख, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या १९९०च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या पुस्तकाची पहिले व तिसरे अशी दोन प्रकरणे आणि प्रत्येकी तीसेक पानांचे दोन अलीकडचे लेख आहेत. हार्डिन यांचा लेख सहा पानांचा आहे आणि पुढचे सगळे त्यालाच उत्तर देतात, म्हणून तो पूर्ण वाचावा. ऑस्ट्रॉम यांचे पहिले प्रकरण अठ्ठावीस पानांचे आहे. त्यात वाद मांडलेला असल्यामुळे तेही पूर्ण वाचावे. तिसऱ्या प्रकरणात स्वित्झर्लंडमधली कुरणे, जपानमधली गावे, स्पेन आणि फिलिपिन्समधली सिंचनव्यवस्था अशी उदाहरणे एकामागून एक येतात. त्यांतले एक लक्ष देऊन वाचावे, बाकीची चाळावीत आणि त्यांमधली साम्ये सांगणारी शेवटची पंधरा-एक पाने सावकाश वाचावीत. इथवर पन्नासएक पाने आणि त्या एका उदाहरणाची दोन-चार झाली. राहिलेल्या वेळात दोन्ही लेखांची प्रस्तावना आणि निष्कर्ष बसतात.

प्रश्न : लेख चाळून पाहते, पण पान मिटले की काहीच लक्षात राहत नाही. चाळायचे म्हणजे नेमके काय करायचे?

शोधायचे काय हे न ठरवता नजर फिरवली की असेच होते. चाळताना तीनच गोष्टी शोधाव्यात : लेखक कोणाचे म्हणणे खोडतो, स्वतः काय म्हणतो आणि ते कशाच्या आधारावर म्हणतो. ही उत्तरे बहुधा शीर्षक, सारांश, प्रस्तावनेचे शेवटचे दोन परिच्छेद, उपशीर्षके आणि निष्कर्ष यांत मिळतात. त्यानंतर मधल्या परिच्छेदांची पहिली वाक्ये वाचावीत. इंग्रजी शोधलेखात परिच्छेदाचा मुद्दा बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात येतो. उलट मराठी वैचारिक लेख वाचण्याच्या सवयीमुळे आपण मुद्दा हळूहळू उलगडण्याची वाट पाहत राहतो.

हार्डिन यांचेच पाहा. प्रत्येकाने आपली गुरे वाढवत नेली की सर्वांचे गायरान उजाड होते, हा त्यांच्या लेखातला दाखला इतका प्रसिद्ध आहे की बरेच विद्यार्थी तेवढाच परिच्छेद वाचतात आणि ‘हा लेख कुरणांविषयी आहे’ असे लिहून मोकळे होतात. नुसती उपशीर्षके वाचली तरी वेगळेच दिसते. प्रदूषण, प्रजननाचे स्वातंत्र्य, सदसद्विवेकावर विसंबण्यातली अडचण, परस्परसंमतीने स्वीकारलेली सक्ती, असा तो क्रम आहे. लेखाचा खरा विषय लोकसंख्या आहे आणि गायरान हा त्यातला एक दाखला आहे. पाच मिनिटे शिस्तीने चाळणाऱ्याच्या हे लक्षात येते, अर्धा तास त्या एकाच परिच्छेदात रमलेल्याच्या येत नाही.

मात्र चाळण्यात एक ठरावीक फसगत होते. अनेक लेखक विरोधी मत आधी सविस्तर आणि प्रामाणिकपणे मांडतात आणि मग ते खोडतात. ऑस्ट्रॉम यांच्या पहिल्या प्रकरणात हार्डिन यांची मांडणी, प्रत्येकाने स्वतःपुरते पाहिले तर दोघांचेही नुकसान होते हे दाखवणारा कैद्यांचा पेच आणि सामूहिक कृतीविषयीचा मॅन्कर ओल्सन यांचा सिद्धान्त एकापाठोपाठ येतात. तेवढेच वाचून कोणी थांबला, तर सरकारी नियंत्रण किंवा खाजगी मालकी एवढेच दोन मार्ग ऑस्ट्रॉम यांना मान्य आहेत, असा अगदी उलटा समज होतो. म्हणून ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘येट’ या शब्दांपाशी थांबण्याची सवय लावावी. चाळणे जमले की नाही, हे ओळखण्यासाठी लेख मिटून लेखकाचा दावा एका वाक्यात सांगून पाहावा. ‘हा लेख संसाधनांविषयी आहे’ एवढेच सुचले, तर विषय कळला आहे, दावा कळायचा आहे. सैद्धान्तिक व्याख्यांनी भरलेली पाने आणि न्यायालयांचे निकाल यांना ही पद्धत लावू नये.

प्रश्न : माझ्या नोट्स मूळ लेखाइतक्याच लांब होतात. हायलायटरने तर पूर्ण पान पिवळे होते.

पहिल्या वाचनात पेन हातात घेऊच नये. भाग वाचून झाला की लेख पालथा ठेवून लिहावे, कारण समोर मजकूर असला की हात आपोआप उतरवून घेऊ लागतो. एका लेखाला एक पान पुरते. डाव्या बाजूला मूळ लेखाचा पृष्ठक्रमांक असावा, मधे मुद्दा आणि उजवीकडे तुमची शंका. मुद्दा मराठीत लिहिण्यात काहीच गैर नाही, उलट मराठीत सांगता आला नाही तर तो समजलेला नाही, असे मी मानतो. पारिभाषिक शब्द मात्र मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच ठेवावेत, म्हणजे उत्तर लिहिताना अडत नाही.

ऑस्ट्रॉम यांच्या तिसऱ्या प्रकरणावरचे टिपण असे होईल : ‘पृ. ९०, तक्ता. दीर्घकाळ टिकलेल्या संस्थांत आठ तत्त्वे दिसतात. मला महत्त्वाची वाटलेली दोन : देखरेख करणारे लोक वापरकर्त्यांना जबाबदार असतात, आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा आधी सौम्य, मग वाढत जाते.’ उजवीकडे : ‘धुळ्याकडच्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाणी वाटणारा पाटकरी कोणाला जबाबदार असतो?’ आठही तत्त्वे उतरवून घेण्याची गरज नाही, ती त्या पानावर आहेतच. वर्गात बोलायला उपयोगी पडते ते उजवीकडचे. लेखातले वाक्य जसेच्या तसे घेतले, तर ते त्याच क्षणी अवतरणचिन्हांत घालावे. दोन महिन्यांनी ते आपले की लेखकाचे हे आठवत नाही आणि निबंधात वाङ्मयचौर्याचा आरोप बहुतेकदा अशाच वहीतून येतो.

प्रश्न : एकच पुस्तक दोन वेगवेगळ्या पेपरांच्या यादीत आहे. दोन्हीकडे कोणता भाग महत्त्वाचा हे कसे ठरवावे?

पुस्तकाकडे नव्हे, पेपरकडे पाहून. अभ्यासक्रमात त्या आठवड्याचे जे शीर्षक छापलेले असते, तो एक प्रश्न समजावा आणि हे वाचन त्याला काय उत्तर देते, ते पाहावे. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘सहकार्य का फसते’ असा आठवडा असेल, तर ऑस्ट्रॉम यांच्या पहिल्या प्रकरणातली गेम थिअरीची गणिते पक्की करावी लागतील. राज्यशास्त्रात शासनाच्या भूमिकेची चर्चा असेल, तर यादीत नसलेले पाचवे प्रकरणही चाळावे, कारण फसलेल्या आणि डळमळीत व्यवस्था तिथे आहेत.

वर्गाच्या स्वरूपानेही फरक पडतो. व्याख्यान असेल, तर आधी चाळून जावे आणि शिक्षकांनी ज्यावर वेळ घालवला तेवढे नंतर सावकाश वाचावे. सेमिनार असेल, तर चार लेख अर्धवट वाचण्यापेक्षा एक नीट वाचून त्यातला एखादा परिच्छेद बोट ठेवून दाखवता यावा. निबंधासाठी यादीचा क्रम सोडून द्यावा आणि निबंधाच्या प्रश्नापासून मागे येत वाचावे. परीक्षेसाठी जुन्या प्रश्नपत्रिका सत्राच्या सुरुवातीलाच पाहाव्यात. हे काम विद्यार्थी शेवटच्या पंधरवड्यावर का ढकलतात, हे मला कधीच कळलेले नाही.

प्रश्न : जे वाचायचे राहिले, त्यावर सेमिनारमध्ये विचारले तर?

‘मी प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचले आहेत, मधला पुरावा पाहिलेला नाही,’ असे सरळ सांगावे आणि तेवढ्यावरून पडलेला प्रश्न विचारावा. वहीतही त्या लेखाच्या नावापुढे ‘फक्त चाळला’ अशी नोंद असू द्यावी, म्हणजे सत्राच्या अखेरीस तो पूर्ण वाचल्यासारखा निबंधात उद्धृत केला जाणार नाही.