कोणती टेस्ट कधी: नॉर्मॅलिटी सगळ्यात शेवटी बघा

> "त्याच पेशंटचं औषधाआधीचं आणि नंतरचं बीपी आहे. नॉर्मॅलिटी टेस्ट फेल गेली, मग मॅन-व्हिटनी लावू ना? कोणती टेस्ट कधी हे कोणीतरी एकदा सरळ सांगा."

नका लावू. मी काही स्टॅटिस्टिशियन नाही, डेटा हाताळत आलोय एवढंच, त्यामुळे गाईडला विचारून मगच फायनल करा. पण हे वाचून जुनं सगळं आठवलं म्हणून जरा लांबच लिहितोय.

पी व्हॅल्यू म्हणजे काय वगैरे तुम्हाला येतच असेल. माझ्या मते पहिला प्रश्न एकच: दोन्ही कॉलममधले आकडे त्याच माणसांचे आहेत की वेगवेगळ्या? त्यानंतर, जे मोजलं ते बीपीसारखा आकडा आहे की हो/नाही? मग गट किंवा वेळा दोनच की जास्त? आणि हे सगळं ठरल्यावर शेवटी नॉर्मॅलिटी. बहुतेक चार्ट नेमके उलटे, नॉर्मॅलिटीपासून सुरू होतात, आणि तिथेच घात होतो.

आम्हाला ज्या सल्ला कक्षाकडे पाठवलं होतं (नाव नको) तिथे भिंतीवर असलाच चार्ट होता. त्यांनी आयडीचा कॉलम काढून फक्त आकडे पाठवायला सांगितलं, मग दोन्ही कॉलम वेगवेगळे चढत्या क्रमाने लावले, आणि शेरा दिला "नॉन-नॉर्मल, मॅन-व्हिटनी वापरा". रिझल्ट अर्थातच काही नाही. कोणत्या आधीच्या आकड्याची जोडी कोणत्या नंतरच्या आकड्याशी, हेच त्या शीटमधून पुसलं गेलं होतं, मूळ फॉर्म काढून सगळं परत जुळवत बसावं लागलं. एकानेही विचारलं नाही की बाबा, माणसं तीच आहेत का. असो.

फरक किती पडतो ते बघा. आकडे समजावण्यापुरते बनवलेत, R मध्ये टाकून बघा:

```r
before <- c(150, 142, 160, 135, 155, 146)
after  <- c(145, 138, 153, 132, 149, 141)
t.test(before, after)
t.test(before, after, paired = TRUE)
```

सरासरी १४८ वरून १४३ वर आली, म्हणजे ५ ने कमी. पहिल्या ओळीत, वेगवेगळी माणसं धरून, टी येतो १.०४ आणि पी साधारण ०.३२. दुसऱ्या ओळीत टी ८.६६ आणि पी ०.००१ च्याही खाली. आकडे तेच, मग झालं काय? माणसामाणसांतच बीपीचा फरक मोठा आहे, कोणी १३५ तर कोणी १६०, आणि त्या गोंगाटात ५ चा फरक बुडतो. पेअर्ड टेस्ट प्रत्येकाची स्वतःशीच तुलना करते, तिला फक्त ५, ४, ७, ३, ६, ५ एवढेच फरक दिसतात. मॅन-व्हिटनी लावलीत तरी पी ०.३ च्या आसपासच येतो, कारण तीही जोड्या बघत नाही.

आता नॉर्मॅलिटी. पेअर्डमध्ये ती या फरकांच्या कॉलमची बघायची, आधी-नंतरच्या कॉलमची नाही! तुमची "फेल" नक्की कशावर गेली ते आधी बघा. आणि माझं मत विचाराल तर टेस्टपेक्षा प्लॉट बघा, कारण सॅम्पल लहान असेल तर टेस्टला काही सापडत नाही आणि मोठं असेल तर ती फालतू गोष्टीवरून ओरडते. फरक खरंच वाकडेतिकडे असतील तर विल्कॉक्सन साइन्ड-रँक. वरच्या आकड्यांवर तिचा एक्झॅक्ट पी ०.०३१ येतो. पण माणसं पाचच असतील तर सगळ्यांचं बीपी कमी झालं तरी तिचा दुतर्फी पी ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही, म्हणजे निकाल आधीच ठरलेला.

हो/नाही असेल आणि माणसं तीच असतील तर मॅकनेमार, वेगळी असतील तर काय-स्क्वेअर. तीन-चार वेळा मोजलं असेल तर रिपीटेड मेझर्स अनोव्हा किंवा फ्रीडमन, त्यावर लिहायचं तर वेगळी पोस्ट होईल.

बाकी सॉफ्टवेअर टोकणार नाही हे लक्षात ठेवा. उलटी चूकही ते मुकाट्याने करू देतं, दोन वेगळ्या गटांत माणसांची संख्या सारखी असली की `paired = TRUE` आरामात चालतं. म्हणून आउटपुटमध्ये `df` बघायची सवय लावा. सहा जोड्यांना `df` ५ यायला हवा, वरच्या पहिल्या ओळीत तो ९.७ च्या आसपास दिसेल. पेअर्डमध्ये तो जोड्यांपेक्षा बरोबर एकने कमी नसेल तर थांबा, काहीतरी गडबड आहे (एखादा आकडा रिकामा असेल तर ती जोडी गळते, तेही इथेच कळतं).

आणि शीट कोणालाही पाठवताना आयडी नंबर ठेवा, नावं काढा.