‘येता येणार नाही’ हे फ्रेंचमध्ये कसं कळवावं?

*‘लियोंच्या एका प्राध्यापिकेनं मला ऑक्टोबरमधल्या परिषदेत बोलायला आणि आदल्या रात्री त्यांच्या घरी जेवायला बोलावलंय. त्याच आठवड्यात माझ्या भावाचं लग्न आहे. “ज न प पा व्हनीर, देझोले” एवढं लिहिलं तर तुटक वाटेल का? आणि कारण किती सांगायचं?’*

हो, तुटक वाटेल. ‘ज न प पा व्हनीर’ व्याकरणात चोख आहे, पण त्याचा अर्थ ‘मला येता येत नाही’ एवढाच होतो. शाळेतल्या मैत्रिणीला मेसेज करताना चालेल. ज्या बाईंनी तुम्हाला घरी जेवायला बोलावलंय त्यांना हे वाचून वाटेल, की हिला आमंत्रणाचं काहीच वाटलं नाही.

फ्रेंच नकाराची गोडी सगळी एका क्रियापदरूपात असते, आणि ते रूप आपल्याकडे आहे. आपण म्हणतोच ना, ‘आले असते हो, पण घरात लग्न आहे.’ हा ‘असते’ म्हणजे संकेतार्थ. यायचं मन होतं आणि येणं होणार नाही, या दोन्ही गोष्टी तो एका दमात सांगतो. फ्रेंचमध्ये त्याची जागा भूतकाळी संकेतार्थ घेतो: ‘जोरे एते राव्ही’, म्हणजे ‘मला फार आनंद झाला असता’. त्याला जोडून नकार येतो: ‘मे ज न पूरे मालरझमाँ पा एत्र दे व्होत्र.’ ‘एत्र दे व्होत्र’ शब्दशः ‘तुमच्यातली एक असणं’. ‘तुमच्यात असायला मला दुर्दैवानं जमणार नाही’ असा त्याचा भाव. हे वाक्य मला फार आवडतं, कारण त्यात कार्यक्रमाला नाही, माणसांना मुकल्याचं दुःख आहे.

आता इथे एका अक्षराचा घोळ होतो. ‘जोरे’ हा संकेतार्थ आहे, त्याच्या शेवटी न उच्चारला जाणारा एस हवाच. ‘पूरे’ हा साधा भविष्यकाळ आहे, त्याच्या शेवटी एस नको. बोलताना बहुतेकांच्या तोंडी दोन्ही शेवट सारखेच ऐकू येतात, म्हणून खुद्द फ्रेंच लोकही लिहिताना इथे चुकतात. पहिल्याचा एस गळला तर ‘आनंद झालेला असेल’ असं काहीतरी होतं. दुसऱ्याला एस चिकटला तर ‘जमलं नसतं’ असा अर्थ निघतो आणि बाई वाट बघतात, की ‘कशामुळे जमलं नसतं?’ तपासायचं कसं, तर कर्ता ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ करा. ‘नूझोरियों’ म्हणावंसं वाटलं तर संकेतार्थ, म्हणजे एस लावा. ‘नू पूरों’ वाटलं तर भविष्यकाळ, एस नको. जिथे तोंडात ‘पूरियों’ येईल तिथे तुम्ही ‘जमेल’ म्हणताय की ‘जमलं असतं’ किंवा ‘जमू शकेल’, हे स्वतःला विचारा. ‘राव्ही’ लिहिताना तुम्ही स्त्री असल्यामुळे शेवटी आणखी एक ई येतो. तो ऐकू येत नाही, पण लिहिलेला दिसतो.

कारणाबद्दल. आपल्याला कारण पटवून द्यायची सवय असते: भावाचं लग्न, मग हॉलची तारीख, मग सुट्टी, मग व्हिसा. फ्रेंच पत्रात एवढी यादी आली की सबब शोधल्यासारखी वाटते. एक खरं कारण, एका वाक्यात, आणि पुढे त्याबद्दल गप्प. ‘स वीकेंड-ला, मों फ्रेर स मारी’, ‘त्या शनिवार-रविवारी माझ्या भावाचं लग्न आहे’, यावर कुणी काही विचारणार नाही. कारण सांगायचं नसेल तर ‘ज स्वी देझा प्रीझ’, म्हणजे ‘मी आधीच गुंतलेय’. पुरुष ‘प्री’ म्हणेल, तुम्ही ‘प्रीझ’. इथे फरक कानाला कळतो.

‘आंपेशमाँ’ हा शब्द तुमच्या वाचनात येईल. आपल्या ‘अडचण’ शब्दाचा तो सख्खा भाऊ आहे: काय अडलं ते न सांगता अडलंय एवढं सांगतो, आणि समोरचा सभ्यपणे खोलात जात नाही. पण तो मुख्यतः हो म्हटल्यानंतर आयत्या वेळी काही निघालं तर वापरतात. लग्नाची तारीख तुम्हाला आधीपासून माहीत आहे, तेव्हा आत्ता तो नको. ‘जे ल रग्रे द व्हू एंफोर्मे’ हेसुद्धा नको. ‘कळवण्यास खेद होतो’ या थाटाचं ते वाक्य नोकरीचा अर्ज फेटाळणाऱ्या पत्रांत असतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. ‘बघते, जमवते’ हे फ्रेंचमध्ये आणू नका. ग्रेनोब्लमध्ये एका शेजारणीनं जेवायला बोलावलं, तेव्हा मी ‘ज व्हे एसेये’, प्रयत्न करते, म्हणाले. माझ्या मनात तो मऊ नकार होता, मराठी कानाला तो कळला असता. तिनं माझं ताट मांडलं, सव्वाआठला फोन करून विचारलं की सुरुवात करू का. तिच्या आवाजातला संकोच अजून आठवतो. तिथे ताटं मोजून मांडली जातात, आणि स्पष्ट नाही ही यजमानांची सोय असते. समोरासमोर बोलावणं आलं तरी नुसतं ‘मेर्सी’ म्हणून थांबू नका. कुणी चीज पुढे केलं आणि तुम्ही ‘मेर्सी’ म्हणालात तर त्याचा अर्थ बहुधा ‘नको’ असा घेतात. ‘से झांती, मे…’, ‘किती छान वाटलं, पण…’ अशी सुरुवात सुरक्षित.

परिषदेसाठी शब्दही जपून. विद्यापीठातल्या परिषदेला ‘कोलोक’ म्हणतात. ‘काँफेराँस’ म्हणजे बहुतेक वेळा एकट्याचं व्याख्यान. तुम्ही ‘काँफेराँस’ नाकारलंत तर बाईंना वाटेल, फक्त भाषण नको, बाकी ती येणार आहे.

तुमच्या पत्राचा गाभा असा लिहिता येईल:

‘शेर मादाम, मेर्सी दाव्हवार पाँसे आ म्वा पूर स कोलोक ए पूर व्होत्र दिने. जोरे एते राव्ही द व्हनीर, मे स वीकेंड-ला, मों फ्रेर स मारी, ए ज न पूरे मालरझमाँ पा एत्र दे व्होत्र.’

पहिल्या वाक्यात ‘माझी आठवण ठेवलीत’ याबद्दल आभार आहेत, आणि परिषद व जेवण दोन्ही नावानिशी आली आहेत. जेवणाचं विसरलं की ते जास्त लागतं, कारण परिषद विद्यापीठाची आणि जेवण त्यांच्या घरचं. तुमच्याऐवजी बोलू शकेल असं कुणी ठाऊक असेल तर परिषदेपुरतं ते नाव त्याखाली द्या, त्यांचा एक फोन वाचेल. शेवटी ‘बियँ कोर्दियालमाँ’ लिहा. नुसतं ‘कोर्दियालमाँ’ अलीकडे काहींना कोरडं वाटतं.

जेवणाबद्दल आणखी एक ओळ घालावीशी वाटेल: ‘स ने क पार्ती रमीझ’. ‘पार्ती’ म्हणजे डाव, ‘रमीझ’ म्हणजे पुढे ढकललेला. डाव मोडला नाही, पुढे गेलाय. पण ही ओळ लिहाल तर तिच्यामागे महिना घाला, ‘मार्चमध्ये लियोंला येईन तेव्हा’ असं. मार्चला खरोखर जाणार नसाल तर ती गाळा.