केअर प्लॅनच्या फोटोतून चार रकाने

"सिनिअरच्या वहीतल्या केअर प्लॅनचा फोटो आहे, सगळं सलग लिहिलंय. निदान, ध्येय, कृती, मूल्यमापन असे रकाने कसे पाडू? जीएनएम दुसरं वर्ष, सांगली."

प्रत्येक वाक्याला विचार: हा रुग्णाचा त्रास आहे, पुढे व्हायचंय, आपण केलं, की नंतर दिसलं?

समजा पानावर आहे: 'अपेंडिक्सचं ऑपरेशन, वेदना १० पैकी ७, २ तासांत ३ वर यावी, गुडघे वाकवून झोपवलं, डॉक्टरांनी लिहिलेलं इंजेक्शन दिलं, आता ४.' निदानात 'अपेंडिसायटिस' लिहू नकोस, ते डॉक्टरांचं निदान. तिथे येईल 'ऑपरेशनच्या जखमेमुळे तीव्र वेदना, रुग्णाने सांगितलेली तीव्रता १० पैकी ७'. ध्येय: 'रुग्ण २ तासांत वेदना ३ किंवा कमी सांगेल'. झोपवणं आणि इंजेक्शन कृतीत. मूल्यमापनात 'वेदना ४, ध्येय अंशतः साध्य'. बहुतेक मुली इथे ध्येयाचंच वाक्य भूतकाळात उतरवतात आणि खरा आकडा हरवतो.

फोटोत मूल्यमापन नसेल तर रकाना रिकामा ठेव, मनाने भरू नकोस. हस्ताक्षरात १ आणि ९ सारखे दिसतात, म्हणून डोस मूळ वहीशी ताडून घे. रुग्णाचं नाव मात्र उतरवू नकोस.