पित्ताशय काढल्यावरचे जुलाब

प्रश्न: पित्ताशय काढल्यापासून जेवलं की पाण्यासारखे जुलाब होतात. कशाने?

बहुधा पित्ताम्लांमुळे, म्हणजे चरबी पचवायला यकृत पित्तात सोडतं त्या आम्लांमुळे. ती लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जायला हवीत. साठवायला पित्ताशय नसलं की सतत झिरपतात, आणि न शोषलेली मोठ्या आतड्यात उतरून तिथे पाणी सुटायला लावतात. खास तपासणी सहसा मिळत नाही, म्हणून डॉक्टर पित्ताम्लं धरून ठेवणारी कोलेस्टिरामाइन ही पूड देऊनच बघतात: सुरुवातीला 4 ग्रॅमची एक पुडी, पाण्यात नीट ढवळून, जेवणाआधी. कोरडी फाकायची नाही. काही दिवसांत शौच घट्ट झालं तर संशय बराचसा खरा ठरतो. ही पूड पित्ताम्लांसारखीच इतर औषधंही धरून ठेवते, तेव्हा बाकीच्या गोळ्या किती अंतराने घ्यायच्या हे आधी विचारून घ्या. नाहीतर त्या लागू पडत नाहीत. बद्धकोष्ठ झालं तर मात्रा उतरवतात. मात्र शौचातून रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल तर आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी.