भ्रूण काढलेल्या जवानं जिबरेलिनशिवायही स्टार्च कसा काय पचवला?

प्रश्न: बीएस्सीचं प्रॅक्टिकल आहे, नागपूर. जव आडवे कापून भ्रूण नसलेले अर्धे तुकडे स्टार्च-अगर प्लेटवर ठेवले. एका प्लेटमध्ये जिबरेलिक अ‍ॅसिड, म्हणजे जिबरेलिन हे संप्रेरक, दुसरी साधी. एप्रिलचा दुसरा आठवडा, प्लेटा दोन दिवस लॅबच्या टेबलावर होत्या. आयोडीन टाकल्यावर दोन्हींत जवळजवळ सारखीच फिकट वर्तुळं! मग जिबरेलिन लागतं की नाही? आणि बी स्टार्च तोडणारं अमायलेज मुळात सोडतं तरी कशासाठी?

उत्तर:

जिबरेलिन लागतंच. तुमच्या दोन प्लेटा सारख्या दिसल्या त्या बहुधा दोन वेगळ्या चुका एकाच दिशेनं जमून आल्यामुळे. साध्या प्लेटमध्ये जे वर्तुळ यायला नको होतं ते आलं आणि जिबरेलिनच्या प्लेटमध्ये जे मोठं यायला हवं होतं ते आलं नाही. एप्रिलमधल्या नागपुरात या दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात.

आधी दाण्याच्या आत काय असतं ते पाहू. जवाच्या दाण्याचा बराचसा भाग म्हणजे स्टार्चनं भरलेला भ्रूणपोष, आणि तो मेलेला असतो. दाणा पिकतानाच त्याच्या पेशी मरतात. मेलेली पेशी नवं एन्झाइम बनवू शकत नाही, त्यामुळे इतकं अन्न असूनही ते आपलं आपण विरघळत नाही. भ्रूणपोषाभोवती मात्र जिवंत पेशींचं एक आवरण असतं, ते म्हणजे अॅल्युरोन. जवात याचे साधारण तीन थर असतात, गव्हात आणि मक्यात एकच. म्हणूनच या प्रयोगासाठी जव निवडतात. भ्रूण कापून टाकला तरी अर्ध्या तुकड्यात मेलेला स्टार्च आणि त्याभोवती जिवंत अॅल्युरोन, दोन्ही उरतात. गायब होतो तो फक्त हुकूम देणारा.

तो हुकूम म्हणजे जिबरेलिन. पाणी शोषल्यावर भ्रूण ते तयार करतो आणि ते झिरपत अॅल्युरोनपर्यंत पोहोचतं. अॅल्युरोनच्या पेशीत डेला नावाचं प्रथिन अमायलेजच्या जनुकांवर दाब ठेवून बसलेलं असतं. जिबरेलिन आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटलं की हा जोड डेलाला पकडतो, पेशी त्याच्यावर नष्ट करण्याची खूण लावते आणि डेला तुटून जातं. दाब गेला की गॅमिब नावाचं दुसरं प्रथिन तयार होतं आणि अल्फा-अमायलेजची जनुकं चालू करतं. म्हणजे जिबरेलिन गाडी ढकलत नाही, ब्रेक सोडतं.

एन्झाइम आधीपासून साठवलेलं असतं आणि फक्त बाहेर पडतं, असं बरेच जण समजतात. अल्फा-अमायलेजच्या बाबतीत ते खरं नाही. १९६० मध्ये जपानात योमो आणि ऑस्ट्रेलियात पालेग यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की भ्रूणाऐवजी जिबरेलिन दिलं तरी काम होतं. १९६७ मध्ये फिल्नर आणि वार्नर यांनी जड ऑक्सिजन असलेल्या पाण्यात अॅल्युरोन ठेवलं. साठ्यातली प्रथिनं पाण्यानं तुटताना जड ऑक्सिजन अमिनो आम्लांत गेला आणि बाहेर पडलेलं अमायलेज नेहमीपेक्षा जड निघालं. म्हणजे ते नव्यानंच बनलेलं होतं. नवं बनवायचं म्हणून वेळही लागतो. जिबरेलिन दिल्यावर पहिले ८-१० तास जवळपास काहीच दिसत नाही आणि मग वेग येतो.

बी हे तयार का ठेवत नाही? माझ्या मते कारण सरळ आहे. कापणीआधीच्या एका अवकाळी पावसात सगळा साठा विरघळून गेला तर भ्रूणाला काही उरणार नाही. विदर्भात मार्चमध्ये उभ्या गव्हावर पाऊस पडून दाणा कणसातच अंकुरला की त्या कणकेच्या पोळ्या चिकट होतात, ते हेच अमायलेज वेळेआधी बनल्यामुळे. एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुस्तकांत ती गुंडाळली जाते. मूळ बाहेर यायला या स्टार्चची गरज नसते. तोवर भ्रूण स्वतःच्या साखरेवर आणि तेलावर भागवतो. अमायलेजची धावपळ ही अंकुर फुटल्यानंतरच्या वाढीसाठी असते. स्टार्चपासून तयार झालेली साखर भ्रूणाचाच एक भाग असलेलं स्क्युटेलम शोषून घेतं आणि कोवळ्या रोपाला पुरवतं.

आता तुमच्या साध्या प्लेटकडे. तिथे वर्तुळ येण्याची तीन कारणं असतात आणि ती ओळखता येतात.

पहिलं, बीटा-अमायलेज. हे मात्र भ्रूणपोषात आधीपासून साठवलेलं असतं. बरंचसं इतर प्रथिनांना बांधलेलं असतं, पण काही मोकळं असतं आणि कापलेल्या बाजूनं अगरमध्ये झिरपतं. ते स्टार्चची साखळी टोकाकडून दोन-दोन कड्या तोडत जातं आणि फांदीपाशी अडकतं. उरलेला तुकडा आयोडीनला निळा नाही तर लालसर-जांभळा रंग देतो. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच तोडतं, म्हणून तिथे रंग जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा दाण्याच्या कडेला लागून छोटं, जांभळट वर्तुळ आलं तर घाबरायचं कारण नाही. ते दोन्ही प्लेटांत येणार, आणि मोजताना ते वजा करायचं.

दुसरं, कापण्याची वेळ. जव आधी रात्रभर किंवा दोन दिवस भिजवून मग कापले असतील, तर तोवर भ्रूणानं जिबरेलिन पाठवायला सुरुवात केलेली असू शकते. त्यानंतर भ्रूण काढून उपयोग नाही, हुकूम केव्हाच गेला. दाणे कोरडेच कापा, मधोमध आडवे, आणि भ्रूणाकडचा अर्धा बाजूला काढा. तो फेकू नका. जिबरेलिनशिवायच्या प्लेटवर तो ठेवला तर भ्रूण स्वतः काय करतो ते दिसतं.

तिसरं, जीवाणू आणि बुरशी. तुमच्या बाबतीत माझा मोठा संशय इथेच आहे. जवाच्या टरफलावर त्यांचे बीजाणू भरपूर असतात, त्यांचं स्वतःचं अमायलेज असतं आणि एप्रिलची नागपुरी दुपार त्यांना मानवते. दाण्याभोवती बुळबुळीत कडा, कापसासारखे तंतू किंवा आंबूस वास असेल तर ते वर्तुळ जवाचं नाही.

आणि हीच उष्णता जिबरेलिनच्या प्लेटचा घात करते. ४० अंशांच्या आसपास अॅल्युरोनची पेशी उष्णतेच्या धक्क्यात जाते. अल्फा-अमायलेजचे एमआरएनए काही तासांतच नष्ट होतात आणि ज्या जाळीवर ते एन्झाइम बनून बाहेर जातं ती आंतर्द्रव्यजालिकाच विस्कटते. जिबरेलिन हजर असतं, डेला गेलेलं असतं, तरी माल निघत नाही. एकीकडे जंतूंचं अमायलेज वाढलं, दुसरीकडे जवाचं आटलं, आणि दोन्ही प्लेटा सारख्या झाल्या.

पुन्हा करताना असं करा.

सर्वांत आधी दाणा तपासा. किराणा दुकानातली पॉलिश केलेली पांढरी पर्ल बार्ली चालणार नाही, तिचा भ्रूण आणि अॅल्युरोनचा बराच भाग घासून निघालेला असतो. पूर्ण, टरफलासकटचा जव घ्या आणि दहा दाणे ओल्या कागदावर ठेवून पाहा. चार दिवसांत आठ-नऊ उगवले तर अॅल्युरोनही जिवंत आहे असं धरा. रंगवलेलं, औषध लावलेलं बियाणं घेऊ नका.

कापलेले अर्धे दाणे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये २० मिनिटं ठेवा आणि निर्जंतुक पाण्यानं चार-पाच वेळा धुवा. बाजारातलं द्रावण ४ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणाला तीन भाग पाणी.

जिबरेलिक अ‍ॅसिडचा रेणुभार ३४६ आहे. ३५ मिलिग्रॅम थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून पाण्यानं १०० मिलिलिटर केलं की १ मिलिमोलर साठा झाला. याचे ०.१ मिलिलिटर १०० मिलिलिटर अगरमध्ये घातले की १ मायक्रोमोलर होतं. जवाला एवढं पुरतं, जास्त घालून वर्तुळ फारसं मोठं होत नाही. हा साठा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, उष्णतेनं जिबरेलिन बिघडतं. अगर ५० अंशांच्या आसपास उतरल्यावर, गाळून निर्जंतुक केलेला साठा मिसळा. साध्या प्लेटमध्ये तेवढंच इथेनॉल घाला. कृषी केंद्रातली पिकांवर फवारायची बाटली वापरू नका. तिच्यातल्या इतर घटकांची जोड साध्या प्लेटमध्ये तुम्हाला देता येणार नाही.

१०० मिलिलिटरसाठी अगर १.५ ग्रॅम, विद्राव्य स्टार्च ०.५ ग्रॅम आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.११ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोलर. कॅल्शियम विसरू नका, अल्फा-अमायलेजचा आकारच त्यावर टिकतो. क्लोरॅम्फेनिकॉल मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम घातलं तर जीवाणू अडतात आणि अॅल्युरोनचं अमायलेज चालू राहतं, कारण त्याचे रायबोसोम वेगळ्या जातीचे. बुरशीवर त्याचा काही परिणाम नाही.

कापलेली बाजू खाली ठेवून प्लेट झाका आणि २५ अंशांवर ४८ तास अंधारात ठेवा. बीओडी इनक्युबेटर नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्या बदलत राहा आणि आत थर्मामीटर ठेवा. कूलरवर विसंबू नका, तापमान दुपारी एक आणि रात्री एक असं होतं.

प्लेटा चार करा: साधी, जिबरेलिनची, जिबरेलिन घातलेली पण दहा मिनिटं उकळलेल्या तुकड्यांची, आणि जमल्यास जिबरेलिनसोबत १० मायक्रोमोलर अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिडची. चौथी महाग पडते, पण निकाल तीच देते. अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड अॅल्युरोनमधलं अमायलेजचं उत्पादन दाबतं, जंतूंचं किंवा आधी साठलेलं बीटा-अमायलेज दाबत नाही. समजा साध्या प्लेटमध्ये वर्तुळ ५ मिलिमीटर, जांभळट, जिबरेलिनमध्ये १४, स्वच्छ, उकळलेल्यात शून्य, चौथीत पुन्हा ५-६. तर मधला ८-९ मिलिमीटरचा फरक जिबरेलिननं अॅल्युरोनकडून बनवून घेतलेल्या अल्फा-अमायलेजचा. चौथीतही १४ आले तर जिबरेलिनवर चर्चा करू नका, दाणे पुन्हा धुवायला घ्या.